रिक्वायरमेंट्स सतत बदलतात; स्प्रिंट एक आठवड्याचा करावा, दोनचा, की तीनच ठेवावा?

ओवी७ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एका कर्ज देणाऱ्या कंपनीचं मोबाईल अ‍ॅप आणि त्यामागची सगळी यंत्रणा आमची टीम सांभाळते. चार डेव्हलपर, दोन टेस्टर आणि मी. अर्धा वेळ स्क्रम मास्तर, उरलेला वेळ कोड. आम्ही पुण्यात, प्रॉडक्ट ओनर क्लायंटच्या मुंबई ऑफिसात. स्प्रिंट तीन आठवड्यांचा आहे. मी टीममध्ये यायच्या आधीपासून तसाच चालत आलाय, का ते कुणालाच सांगता येत नाही.

अडचण अशी की प्लॅनिंगला घेतलेल्या स्टोऱ्या मधेच बदलतात. गेल्या स्प्रिंटचं उदाहरण देते. पगारदार अर्जदाराचं किमान मासिक उत्पन्न २५,००० असावं, अशी स्टोरी होती. कोड झाला, टेस्टिंग सुरू झालं, आणि निरोप आला की मोठ्या शहरांत ३०,००० आणि बाकी ठिकाणी २०,००० करायचं. म्हणजे आता शहरांची यादी हवी, पिनकोडवरून शहर ओळखायला हवं, आणि अर्ज भरताना पत्ता उत्पन्नाच्या आधी विचारायला हवा. स्क्रीनचा क्रमच उलटा.

मॅनेजर म्हणतात, एक आठवड्याचा स्प्रिंट करा म्हणजे कटकट मिटेल. टेस्टर दोघी म्हणतात, तसं केलंत तर आम्ही दुसरी टीम बघतो. मला दोघांचंही पटतंय. रिक्वायरमेंट्स किती वेळा बदलतात त्यावरून स्प्रिंटची लांबी ठरवायची, असं सगळे सांगतात. पण ठरवायची म्हणजे नेमकी कशी?

कोडगा

एक आठवडा. बिनधास्त करा. जितका लहान स्प्रिंट तितका बदल स्वस्त. सोमवारी ठरवलं, शुक्रवारी दाखवलं, आवडलं नाही तर पुढच्या सोमवारी दुसरं. वाया गेलं तर फार तर पाच दिवसांचं काम जाईल. आम्ही वर्षभर असंच करतोय. तीन आठवडे म्हणजे जुन्या जमान्यातला छोटा वॉटरफॉल.

टेस्टरबाई

@कोडगा, तुमच्याकडे रिग्रेशन मशीन करतं की माणूस, ते आधी सांगा.

ओवी, तुमच्या टेस्टर का वैतागल्यात ते मी न विचारता सांगते. कर्जाच्या अ‍ॅपमध्ये नोंदणी, केवायसी, उत्पन्नाचा पुरावा, पात्रता, हप्त्याचं गणित, ई-साइन अशी लांब साखळी असते. एका टोकाला हात लावला तरी पूर्ण साखळी तपासावी लागते. हे हाताने करायला दोघींना दीड दिवस धरा. तीन आठवड्यांत हा दीड दिवस दहा टक्के असतो, दोन आठवड्यांत पंधरा, आणि एका आठवड्यात सरळ तीस टक्के. वर डेव्हलपर शेवटचा कोड गुरुवारी दुपारी देणार, हे ठरलेलं. मग आठवड्याचा स्प्रिंट म्हणजे दर शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत बसणं.

कोडगा

आमचं रिग्रेशन बऱ्यापैकी ऑटोमेटेड आहे, मान्य. रात्री चालतं, सकाळी निकाल हजर. हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता.

बिलेबल_बाबू

इतका काथ्याकूट कशाला? क्लायंट मधेच बदल सांगतोच कसा? चेंज रिक्वेस्टचा फॉर्म ठेवा. प्रत्येक बदलाचा प्रभाव, तास आणि रक्कम लिहून त्यांच्या साहेबांची सही घ्या. दोन फॉर्म भरले की तिसरा बदल येत नाही, स्वानुभव आहे. स्प्रिंट मग सहा आठवड्यांचा ठेवलात तरी चालेल.

ओवी७

बाबू, आमचं कंत्राट ठरलेल्या रकमेचं नाही, महिन्याच्या तासांवर बिल होतं. बदल अडवायचे नाहीतच मुळी. त्यांचा धंदाच नियमांवर चालतो. नियम बदलला आणि अ‍ॅपने जुन्याच नियमाने कर्ज मंजूर केलं तर नुकसान त्यांचं. बदल येणार, हे धरूनच लांबी ठरवायची आहे.

@टेस्टरबाई, दीड दिवस अगदी बरोबर. तुम्ही आमच्याच मजल्यावर बसता का? :)

बिलेबल_बाबू

मग सहा आठवडे मागे घेतो. तसेही स्क्रमवाले महिन्याच्या वर जाऊ देत नाहीत म्हणतात. सहीचा मुद्दा मात्र सोडणार नाही.

गणिती_गणपा

हे गणिताने सुटतं. काही महिन्यांतले सगळे बदल मोजा, कामाच्या दिवसांना त्या आकड्याने भागा, दोन बदलांमधलं सरासरी अंतर मिळेल. स्प्रिंट त्या अंतरापेक्षा लहान ठेवा. सरासरी दहा दिवसांनी बदल येत असेल आणि स्प्रिंटही दहा दिवसांचा असेल, तर स्प्रिंट धक्का न लागता पार पडण्याची शक्यता साधारण ३७ टक्के. तोच स्प्रिंट पाच दिवसांचा केला तर ६१ टक्के, पंधराचा केला तर २२. बदल केव्हाही येऊ शकतात आणि एकमेकांवर अवलंबून नसतात, एवढंच गृहीत आहे.

निवांत_काका

गणपाने सांगितलेलं गणित बरोबर आहे, पण त्याच्या शेवटच्या वाक्यातच गोम आहे. माझ्या पाहण्यात एकाही क्लायंटचे बदल असे केव्हाही आले नाहीत. त्यांना उगम असतो, आणि उगमाला वेळापत्रक असतं.

ओवी, लांबी ठरवायच्या आधी दोन-चार तास खर्च करून मागचे पाच-सहा स्प्रिंट उकरा. बॅकलॉगमध्ये किती उलथापालथ झाली ते मोजू नका. बॅकलॉग रोज बदलला तरी टीमला त्रास नाही, तो त्यासाठीच असतो. स्प्रिंटमध्ये घेतलेल्या स्टोरीला मधेच हात लागला तेवढंच मोजा. तुम्ही जिरा वापरत असाल तर `Sprint Report` मध्ये स्प्रिंट सुरू झाल्यावर घुसवलेल्या स्टोरीपुढे * दिसतो. तो अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा म्हणजे आधीच घेतलेल्या स्टोरीचं वर्णन बदललं, तो रिपोर्टमध्ये दिसत नाही. त्यासाठी प्रत्येक स्टोरीचा `History` टॅब उघडून वर्णन कधी बदललं ते बघावं लागतं. जेक्यूएलचं `CHANGED` वर्णनाच्या फील्डवर चालत नाही, त्यामुळे सर्च मारून भागणार नाही. पुढच्यासाठी एक लेबल ठरवून टाका, म्हणजे नंतर एका ओळीत मिळेल:

```
labels = madhech-badal AND sprint in closedSprints()
```

प्रत्येक बदलापुढे दोनच गोष्टी लिहा: तो स्प्रिंटच्या कितव्या दिवशी आला आणि कुठून आला. कारण वरून सारख्या दिसणाऱ्या तीन वेगळ्या गोष्टी त्यात मिसळलेल्या असतात. पहिल्या दोन-तीन दिवसांतच स्टोरी बदलली तर बहुतेक वेळा रिक्वायरमेंट बदललेलीच नसते, आपण ती नीट न विचारता घेतलेली असते. स्प्रिंट लहान करून ते सुधारत नाही, उलट असा घोळ महिन्यातून चार वेळा होतो. दुसरी गोष्ट प्रॉडक्शनला लागलेली आग. तिला स्प्रिंटशी देणंघेणं नाही, तिच्यासाठी थोडी क्षमता बाजूला ठेवायची. तिसरी म्हणजे धंद्याने खरोखर मत बदललं. लांबी ठरवायला फक्त ही तिसरी कामाची.

न्यूजर्सीकर

काकांना +१. त्यात माझी एक भर. प्रॉडक्ट ओनर किती पटकन उत्तर देतो तेही बघा. माझी टीम हैदराबादेत आणि मी इथे. आमची सकाळ म्हणजे त्यांची संध्याकाळ, सामाईक वेळ जेमतेम तासभर. त्यांनी दुपारी विचारलेल्या प्रश्नाला माझं उत्तर मिळेपर्यंत त्यांचा दिवस संपलेला. एका स्टोरीत असे दोन प्रश्न आले की दोन दिवस गेले. पाच दिवसांच्या स्प्रिंटमध्ये मग कामाला राहतं काय? आम्ही एक आठवड्याचा प्रयोग मोठ्या उत्साहात केला आणि गपचूप दोनवर आलो.

चिंचवडकर

आमचा अगदी उलटा मामला. गाडीच्या कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर करतो, ग्राहक जर्मन. रिक्वायरमेंट एकदा गोठली की महिनोन्‌महिने हलत नाही. पण टेस्ट बेंच एकच, त्यावर तीन टीमचा डोळा, आठवड्यातून दोन दिवस आमच्या वाट्याला. तीन आठवडेच बरे पडतात. एक-दोन आठवड्यांत बेंचवर धड एक फेरी होत नाही, मग डेमोला दाखवणार काय, स्लाइडा? तेव्हा तीन आठवडे म्हणजे वॉटरफॉल, हे कोडग्याचं म्हणणं आमच्याकडे लागू नाही.

कोडगा

मी कुठे गाड्यांबद्दल बोलत होतो! पण ठीक, तुमच्याकडे बदल कमी आणि तपासणी महाग. लांब स्प्रिंट समजू शकतो.

ओवी७

काका, उकरलं सगळं. शनिवार गेला. मागचे सहा स्प्रिंट घेतले. दर स्प्रिंटला साधारण चौदा स्टोऱ्या. मधे हात लागलेल्या स्टोऱ्या, स्प्रिंटच्या क्रमाने: ३, ८, २, ९, ३, ७. एकूण ३२.

त्यातल्या ८ पहिल्या तीन दिवसांतल्या आणि खरंच न विचारल्यामुळे. उदाहरणार्थ 'सहअर्जदार जोडता यावा' अशी स्टोरी घेतली, आणि किती सहअर्जदार ते कुणी विचारलंच नव्हतं. ५ प्रॉडक्शनच्या भानगडी. उरलेल्या १९ म्हणजे क्लायंटने नियम बदलला.

गणपाच्या पद्धतीने बघितलं तर ९० कामाच्या दिवसांत ३२ बदल, म्हणजे पावणेतीन दिवसांना एक. मग स्प्रिंट दोन दिवसांचा करू का?

गणिती_गणपा

३२ नाही, १९ घ्या. पावणेपाच दिवस येतील. म्हणजे एक आठवडासुद्धा किंचित मोठाच. पण तीनपेक्षा बरा, हे तरी मान्य करा.

कोडगा

आकडे पुन्हा बघा की. ३, ८, २, ९, ३, ७. एकाआड एक आहेत! विषम स्प्रिंट शांत, सम स्प्रिंट बोंबाबोंब. हा योगायोग वाटत नाही.

ओवी७

हो, टीममध्ये हे बोललं जातं, पण गमतीत. 'या वेळचा वाईट स्प्रिंट आहे' असं. एकदा तर एका डेव्हलपरच्या रजा नेमक्या वाईट स्प्रिंटमध्ये येतात म्हणून त्याच्यावर खापर फोडून झालं. प्रॉडक्ट ओनरना आज विचारते की पात्रतेचे नियम नक्की कोण आणि कधी बदलतं.

ओवी७

उत्तर मिळालं आणि मी डोक्याला हात लावला. त्यांच्याकडे क्रेडिट पॉलिसीची समिती आहे. ती दर दुसऱ्या गुरुवारी बसते. थकबाकीचे आकडे बघून नियम कुठे आवळायचे, कुठे सैल करायचे ते तिथे ठरतं. शुक्रवारी इतिवृत्त येतं आणि आमचे प्रॉडक्ट ओनर सोमवारी आम्हाला सांगतात. त्यांना वाटत होतं आम्हाला हे माहीत आहे. आम्हाला वाटत होतं त्यांना मनात येईल तेव्हा बदल सुचतात.

निवांत_काका

सापडलं. आता कागदावर मांडा. समिती दोन आठवड्यांची, स्प्रिंट तीनचा. सहा आठवड्यांत तुमचे दोन स्प्रिंट होतात आणि समितीच्या तीन बैठका. समजा बैठका दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या आठवड्यात पडल्या. पहिल्या स्प्रिंटला एकच बैठक लागली, तीही मधल्या आठवड्यात. पुढच्या स्प्रिंटला दोन लागल्या: एक त्याच्या पहिल्याच आठवड्यात, दुसरी शेवटच्या. पहिल्या आठवड्यातल्या बैठकीने नुकत्या हातात घेतलेल्या जवळजवळ सगळ्या स्टोऱ्या ढवळल्या. शेवटच्या आठवड्यातल्या बैठकीने पूर्ण झालेल्या ढवळल्या. सातव्या आठवड्यापासून तेच चक्र पुन्हा. माणसं तीच, मेहनत तीच, आणि एकाआड एक स्प्रिंट नासतो.

आता दोन आठवड्यांचा स्प्रिंट घ्या आणि तो बैठकीनंतरच्या सोमवारी सुरू करा. बैठक नेहमी स्प्रिंटच्या नवव्या दिवशी येईल. तोवर काम संपत आलेलं असेल, आणि समितीने जे ठरवलं ते थेट पुढच्या प्लॅनिंगला बसेल. तुमच्या १९ पैकी बरेचसे बदल मग 'मधेच' राहणारच नाहीत. बदल तेवढेच येतील, फक्त योग्य दिवशी.

म्हणून मी सरासरीला घाबरतो. पावणेपाच दिवसांना एक बदल असं तुमच्याकडे कधी घडलंच नाही. दोन आठवड्यांतून एकदा मूठभर बदल एकदम पडत होते.

गणिती_गणपा

गठ्ठ्याने येतात म्हटल्यावर माझं सूत्र लागू नाही, मान्य. पण मग एक आठवड्याचा स्प्रिंटही सोमवारीच सुरू होतो की. तोही बैठकीशी जुळतो, आणि बदल लवकर बाहेर पडतो. दोनच का?

निवांत_काका

रास्त प्रश्न. त्यासाठी दुसऱ्या बाजूने बघावं लागतं: सांगितलेला बदल लोकांच्या हातात किती दिवसांत पडायला हवा?

बदल केव्हाही येत असतील तर तो सरासरी अर्धा स्प्रिंट पुढच्या प्लॅनिंगची वाट बघतो आणि मग एक पूर्ण स्प्रिंट बनण्यात जातो. म्हणजे दीड स्प्रिंट. एक आठवड्याला दीड आठवडा, दोनला तीन, तीनला साडेचार. नशीब फुटकं असेल तर दोन पूर्ण स्प्रिंट. तुमच्याकडे बैठकीचा दिवस ठरलेला असल्याने हे आणखी कमी होतं. गुरुवारचा निर्णय सोमवारी प्लॅनिंगला, तिथून दोन आठवडे. अडीच आठवड्यांच्या आतबाहेर.

ओवी, प्रॉडक्ट ओनरना एवढंच विचारा की समितीचा निर्णय शाखांमध्ये प्रत्यक्ष लागू कधी होतो.

ओवी७

विचारलं. शाखांना आणि एजंटांना परिपत्रक जातं, त्यांचं थोडं प्रशिक्षण होतं, आणि साधारण महिनाभराने नियम लागू होतो. मधेच हात घालायची घाई होती ती 'समितीने सांगितलंय ना, मग करून टाका' एवढ्याचसाठी!

निवांत_काका

मग तुमचं उत्तर तुम्हीच दिलंत. मुदत महिन्याची. तीन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये सरासरी साडेचार आठवडे लागतात, ते मुदतीत बसत नाही. म्हणून तर मधेच घुसवावं लागत होतं. दोन आठवड्यांचं बसतं, वर आठवडाभर उरतो. एक आठवड्याचं तर आरामात बसतं, पण त्या वेगाचं गिऱ्हाईक कोणी नाही, आणि त्यासाठी टेस्टरबाईंनी सांगितलेले तीस टक्के मोजायचे. उद्या रिग्रेशन ऑटोमेट झालं की हे गणित पुन्हा करा, तेव्हा कदाचित एक आठवडा जिंकेल.

टेस्टरबाई

काका, कागदावर छान दिसतंय, पण नववा दिवस म्हणजे आमच्या रिग्रेशनचा पहिला दिवस. गुरुवारी समितीने काहीतरी ठरवलं, प्रॉडक्ट ओनरना शुक्रवारी कळलं, आणि त्यांनी फोन करून सांगितलं की 'आत्ता अजून गेलेलं नाही ना, मग एवढं एक बदलून द्या'. हे दर स्प्रिंटला होणार. लिहून ठेवा.

दुसरं म्हणजे सोमवारी प्लॅनिंग करायचं तर प्रॉडक्ट ओनरना शुक्रवारच्या इतिवृत्तावरून स्टोऱ्या लिहायला वेळ कुठे आहे? न विचारता घेतलेल्या आठ स्टोऱ्यांच्या तुम्ही सोळा कराल. मी असते तर प्लॅनिंग बुधवारी ठेवलं असतं. सोमवार-मंगळवारी नवे नियम नीट विचारून घ्यायचे, बुधवारी ठरवायचं. सोमवारच्या जोडून सुट्ट्याही वाचतात.

निवांत_काका

बुधवार मान्य. माझ्या सोमवारपेक्षा चांगला. बैठक मग सातव्या दिवशी येईल, रिग्रेशनच्या आधी. त्याला थोडा धोका आहे, पण तो प्रॉडक्ट ओनर किती घट्ट उभे राहतात त्यावर. फोनवरच्या विनंतीचं म्हणाल, तर स्प्रिंटमध्ये काहीच बदलायचं नाही असं स्क्रममध्येही नाही. २०२० च्या स्क्रम गाईडमध्ये एवढंच आहे की स्प्रिंटचं उद्दिष्ट धोक्यात येईल असा बदल करायचा नाही, व्याप्तीबद्दल मात्र प्रॉडक्ट ओनरशी पुन्हा बोलता येतं. चालू स्प्रिंटचं उद्दिष्ट सहअर्जदाराचं असेल आणि विनंती उत्पन्नाच्या मर्यादेची, तर ती पुढे ढकलायला तेवढं कारण पुरतं. पण उद्दिष्ट म्हणून 'खालील चौदा स्टोऱ्या' असं लिहिलं असेल तर कशालाच नाही म्हणता येणार नाही.

ओवी७

आमचं उद्दिष्ट नेमकं तसंच लिहिलेलं असतं. चौदा स्टोऱ्यांची यादी.

अनाहूत

इतकी कसरत करण्यापेक्षा स्प्रिंट सोडूनच द्या. कानबान करा. बदल आला की रांगेत वर ठेवा, हातातलं संपलं की घ्या. हातात एका वेळी किती कामं, एवढ्यावर मर्यादा. नववा दिवस आणि सातवा दिवस ही भानगडच उरत नाही.

न्यूजर्सीकर

सपोर्टच्या टीमला अगदी योग्य. पण यांच्याकडे दीड दिवसाचं हाताने रिग्रेशन आहे. ते प्रत्येक स्टोरीमागे करणार का? म्हणजे गठ्ठा बांधावाच लागणार, आणि गठ्ठा दर दोन आठवड्यांनी बांधला की तुमचं कानबान घरी जाऊन स्प्रिंटचे कपडे घालून परत येतं.

अनाहूत

रिलीजचा गठ्ठा वेगळा आणि कामाचं प्लॅनिंग वेगळं. दोन्ही एकाच दिवशी बांधायला कुणी सांगितलंय? असो, माझं मत बदललेलं नाही.

कोडगा

एक बाजूची गोष्ट. त्या १९ मध्ये नुसता आकडा बदलला असे किती होते? २५,००० चे ३०,०००, वयाची मर्यादा ५८ ची ६०, अशा जातीचे.

ओवी७

थांब, बघते... ११.

कोडगा

मग ते अकरा स्टोऱ्या व्हायलाच नकोत. मर्यादेचे आकडे डेटाबेसच्या टेबलात टाका, कुठल्या तारखेपासून लागू त्याचा एक कॉलम ठेवा, आणि क्लायंटच्या माणसाला ते भरायला एक साधी स्क्रीन द्या. दोघांनी मंजूर केल्याशिवाय आकडा लागू होऊ नये, एवढी सोय ठेवा, नाहीतर कुणीतरी एक शून्य जास्त टाकेल. स्प्रिंट एकचा की दोनचा हा वाद फक्त उरलेल्या आठांसाठी राहतो.

टेस्टरबाई

+१००. पण त्या स्क्रीनने आकडा बदलल्यावर तपासणार कोण, तेही ठरवा. पात्रता बदलली की हप्त्याचं गणितही हलतं. 'नुसता आकडाच तर बदललाय' हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय.

ओवी७

बरेच दिवसांनी वर काढतेय. दोन आठवड्यांवर आलो, बुधवार ते मंगळवार. मॅनेजरना एक आठवडाच हवा होता. मी त्यांना महिन्याची मुदत आणि दीड दिवसाचं रिग्रेशन एका पानावर लिहून दाखवलं, तेव्हा गप्प बसले.

एकाआड एक वाईट स्प्रिंट हा प्रकार थांबलाय. मधेच हात लागणाऱ्या स्टोऱ्या आता एक ते तीनच्या दरम्यान असतात. पहिले दोन स्प्रिंट मात्र आम्ही तोंडावर आपटलो. तीन आठवड्यांच्या व्हेलॉसिटीला तीनने भागून दोनने गुणलं आणि तेवढं काम घेतलं. पण रिग्रेशनचा दीड दिवस काही लहान झाला नव्हता, आणि स्टोऱ्याही जुन्याच मापाच्या. सहअर्जदाराची एक स्टोरी क्रेडिट ब्युरोच्या टेस्ट सर्व्हरची वाट बघत अख्खा स्प्रिंट पडून राहिली. आता तीन दिवसांपेक्षा मोठी वाटली की प्लॅनिंगच्या आधीच तोडतो. आकड्यांचं टेबल झालंय, दोघांच्या मंजुरीसकट.

टेस्टरबाई, शुक्रवारचे फोन येतात. अगदी तुम्ही म्हणालात तसे. काही टळतात, काही नाही.

आता नवीन पेच. वर्षअखेरीला म्हणजे मार्चमध्ये समिती दर आठवड्याला बसते म्हणे. फक्त त्या महिन्यापुरता एक आठवड्याचा स्प्रिंट करावा का?

कोडगा

करा. उगम आठवड्याचा झाला तर स्प्रिंटही आठवड्याचा. काकांचंच तर्कशास्त्र आहे.

निवांत_काका

माझं तर्कशास्त्र तिथवर जात नाही. लांबी सारखी हलवली की टीमचा अंदाज बिघडतो. आधीच पहिले दोन स्प्रिंट त्यात गेले म्हणताय. मार्चमध्ये दोनच आठवडे ठेवा, पण सातव्या दिवशीच्या बैठकीनंतर अर्धा तास बसून उरलेल्या तीन दिवसांचं काम प्रॉडक्ट ओनरसोबत पुन्हा मांडा. आणि आधी हे विचारा की मार्चमधल्या निर्णयांना तरी महिन्याची मुदत असते का.

गणिती_गणपा

मुदत आठवड्याची निघाली तर काका हरले.

निवांत_काका

मुदत खरंच आठवड्याची असेल तर मार्चपुरतं अनाहूतचं ऐकेन. एक आठवड्याचं तरीही नाही, रिग्रेशन अजून हातानेच आहे.

टेस्टरबाई

मार्चमध्ये आमच्या रजा शिल्लक असतात, त्या संपवायच्या असतात. तोही हिशेब धरा. ओवी, मुदतीचं कळलं की इथे लिहा.

ओवी७

प्रॉडक्ट ओनर सुट्टीवर आहेत, सोमवारी येतील. विचारून टाकते.